गाळलेलं वाक्य कुठे बसतं? बी टू फर्स्टच्या सहाव्या भागाची तयारी

केंब्रिजच्या बी टू फर्स्ट या इंग्रजी परीक्षेत वाचनाच्या पेपरचा सहावा भाग उघडला की समोर एक लेख येतो. त्यातली सहा वाक्यं काढून घेतलेली असतात. ती खाली उलटसुलट क्रमाने दिलेली असतात आणि त्यांच्यात एक सातवं, कुठेच न बसणारं वाक्य मिसळलेलं असतं. प्रश्न क्रमांक ३७ ते ४२. बरोबर उत्तराला दोन गुण आणि चुकलं तर गुण कापत नाहीत. पेपर ७५ मिनिटांचा, भाग सात. या एका भागाला मी मुलांना तेरा-चौदा मिनिटं धरायला सांगते.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीची पहिल्या सरावात सहाच्या सहा उत्तरं चुकली. तिचं इंग्रजी चांगलं होतं, लेख तिला कळलाही होता. कागद पाहिला तेव्हा कारण समजलं. लेखात जिथे 'समुद्र' होता तिथे तिने 'समुद्र' असलेलं वाक्य नेऊन बसवलं होतं, 'मासेमारी'जवळ 'मासेमारी'. सारखे शब्द पेनाने गोल करून त्यांच्यामध्ये रेघा ओढलेल्या. विषयाचे शब्द जुळवायचे ही युक्ती अनेक ठिकाणी शिकवली जाते, आणि मला ती सरळ सरळ घातक वाटते. समुद्रावरच्या लेखातून काढलेल्या सातही वाक्यांत समुद्र येणारच. ज्यावरून जागा ठरते ते शब्द अगदी लहान असतात: हा, ती, असा, त्यांपैकी, मात्र, तरीही, दुसरा.

वाक्य आपल्या शेजाऱ्यांना दोन बाजूंनी धरून असतं. त्यातले काही शब्द आधी सांगितलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतात, त्याला मी मागची खूण म्हणते. आणि त्याच्या नंतरच्या वाक्यातले काही शब्द या काढलेल्या वाक्याकडे बोट दाखवत असतात, ती पुढची खूण. नवशिके मागची खूण पाहतात आणि थांबतात. परीक्षेचा सापळा बहुतेक वेळा पुढच्या खुणेवर लावलेला असतो.

हे आधी मराठीत करून पाहू. आपल्या भाषेत या खुणा कानाला लगेच खटकतात, म्हणून सवय तिथेच लवकर लागते. खालचा उतारा मी सरावासाठी लिहिला आहे. जागा तीन, वाक्यं चार, म्हणजे एक जास्तीचं.

> लोणारचं विवर बुलढाणा जिल्ह्यात आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून तळाशी खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे. आजूबाजूचा सगळा प्रदेश लाव्हा थंड होऊन बनलेल्या बेसॉल्ट खडकाचा आहे. (१) ______ ही समजूत बराच काळ टिकली. पुढे विवराच्या तळाशी खोलवर छिद्रं पाडून खडकाचे नमुने काढले गेले आणि त्यांत एक काचेसारखा पदार्थ आढळला. (२) ______ त्यामुळे उल्केच्या आघाताची बाजू भक्कम झाली.
>
> सरोवराचं पाणी एरवी हिरवट दिसतं. जून २०२० मध्ये मात्र ते काही दिवसांत गुलाबी झालं. (३) ______ त्यांपैकी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या तपासणीत या रंगामागे खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असल्याचं दिसलं.

> क. असा पदार्थ ज्वालामुखीच्या उष्णतेने तयार होत नाही, त्याला प्रचंड दाबाचा धक्का बसावा लागतो.
> ख. त्याच वर्षी या सरोवराला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.
> ग. त्यामुळे हे विवरही ज्वालामुखीचंच असावं, असं अभ्यासकांना वाटत होतं.
> घ. या बदलाचं कारण शोधण्यासाठी पाण्याचे नमुने वेगवेगळ्या संस्थांकडे पाठवले गेले.

पहिली पायरी: वाक्यांकडे न बघता उतारा वाचा

खालची वाक्यं हाताने झाका आणि मोकळ्या जागांसकट उतारा एकदा वाचून काढा. प्रत्येक परिच्छेदाच्या शेजारी समासात दोन-तीन शब्दांत विषय लिहा. इथे पहिल्या परिच्छेदाशेजारी 'विवर कसं झालं' आणि दुसऱ्याशेजारी 'पाण्याचा रंग' एवढं पुरे. खऱ्या परीक्षेत याला दोन-अडीच मिनिटं लागतात आणि ती वाया जात नाहीत. ज्याने वाक्यं आधी वाचली, त्याच्या डोक्यात सात वाक्यांचा गोंधळ घेऊनच तो लेखात शिरतो आणि प्रत्येक जागी सातही वाक्यं थोडीथोडी बसतात असं त्याला वाटायला लागतं.

दुसरी पायरी: जागेच्या नंतरचं वाक्य आधी वाचा

मोकळी जागा आली की आपण सवयीने तिच्या आधीचं वाक्य वाचतो. उलट करा. नंतरचं वाक्य आधी वाचा आणि स्वतःला विचारा, या वाक्याने काय गृहीत धरलंय?

जागा १ नंतर येतं 'ही समजूत बराच काळ टिकली'. 'ही' म्हणजे कोणती? आधीच्या वाक्यात प्रदेश बेसॉल्टचा आहे एवढंच सांगितलंय. ती वस्तुस्थिती आहे, समजूत नव्हे. तेव्हा गाळलेल्या वाक्यात कुणाला तरी काहीतरी वाटत असलं पाहिजे. वाक्यं अजून पाहिलेलीच नाहीत, तरी काय शोधायचं ते ठरलं.

जागा २ नंतर 'त्यामुळे उल्केच्या आघाताची बाजू भक्कम झाली'. म्हणजे गाळलेल्या वाक्यात उल्केच्या बाजूने जाणारं कारण हवं. जागा ३ नंतर 'त्यांपैकी'. कुणांपैकी? पुढे लगेच एका संस्थेचं नाव आहे, म्हणजे गाळलेल्या वाक्यात एकाहून जास्त संस्था यायला हव्यात.

समासात जागेशेजारी पेन्सिलीने खूण लिहून ठेवा: 'कुणाला काय वाटलं', 'उल्केला पुरावा', 'अनेक संस्था'. मराठीत लिहिलं तरी कुणी अडवत नाही.

तिसरी पायरी: आता वाक्यांतल्या मागच्या खुणा शोधा

हात काढा आणि वाक्यं वाचा. प्रत्येक वाक्यात मागे बोट दाखवणारा शब्द अधोरेखित करा. क मध्ये 'असा पदार्थ', ख मध्ये 'त्याच वर्षी' आणि 'या सरोवराला', ग मध्ये 'त्यामुळे', 'हे विवरही' आणि 'ज्वालामुखीचंच', घ मध्ये 'या बदलाचं'.

ग मधल्या 'ही' आणि 'च' या दोन चिमुकल्या प्रत्ययांकडे बघा. 'हे विवरही' म्हणजे आधी दुसरं काहीतरी ज्वालामुखीचं आहे असं सांगून झालंय. तो लाव्हाचा प्रदेश. 'असं वाटत होतं' ही नंतरची समजूत. ग हे वाक्य जागा १ ला दोन्ही बाजूंनी घट्ट बसतं.

ज्या जागेबद्दल सगळ्यात जास्त खात्री आहे तिथून सुरुवात करायची, क्रमांकाने जायची गरज नाही. आणि वापरलेलं वाक्य हलकी रेघ मारून ठेवायचं, पूर्ण खोडायचं नाही. ते परत उघडून पाहायची वेळ येते.

चौथी पायरी: सापळा तपासा

जागा २ ला ग बसवून पाहा. 'एक काचेसारखा पदार्थ आढळला. त्यामुळे हे विवरही ज्वालामुखीचंच असावं, असं अभ्यासकांना वाटत होतं.' वाचताना अडखळायला होत नाही. ज्वालामुखीतून काचेसारखा खडक निघतो हे ज्याला माहीत आहे, त्याला तर ते अधिकच पटतं. पण पुढचं वाक्य जोडा: 'त्यामुळे उल्केच्या आघाताची बाजू भक्कम झाली.' इथे गाडी रुळावरून घसरते. काळही जुळत नाही. पदार्थ आढळला ही पुढची घटना आणि 'वाटत होतं' ही त्याआधीची स्थिती. जागा २ ला क हवं.

जागा ३ चा सापळा जास्त चांगला आहे. 'जून २०२० मध्ये मात्र ते काही दिवसांत गुलाबी झालं. त्याच वर्षी या सरोवराला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.' मागच्या बाजूने पाहिलं तर ख अगदी चपखल आहे. वर्ष आहे, 'त्याच वर्षी' आहे, सरोवर आहे, माहितीही खरी आहे. चूक फक्त पुढच्या बाजूला दिसते: 'त्यांपैकी' हा शब्द लोंबकळत राहतो, कारण ख मध्ये संस्थाच नाहीत. घ मध्ये आहेत, 'या बदलाचं' म्हणजे रंगाचा बदल हेही जुळतं. ख हे जास्तीचं वाक्य.

जास्तीचं वाक्य नेहमी असंच असतं. ते विषयाबाहेरचं नसतं, त्यातली माहितीही चुकीची नसते, आणि निदान एका जागी ते एका बाजूने नीट बसतं. म्हणून 'हे बसतंय' असं वाटलं की तिथे थांबू नका. आधीचं वाक्य, निवडलेलं वाक्य आणि नंतरचं वाक्य अशी तीन वाक्यं सलग, मनातल्या मनात आवाज काढून वाचा. सहाही जागांसाठी हे करा, जिथे खात्री आहे तिथेही.

इंग्रजीत गेल्यावर काय बदलतं

वरचा उतारा तुम्ही पटकन सोडवला असेल. तोच इंग्रजीत आला असता तर वेळ लागला असता, आणि त्याचं कारण फक्त शब्दसंग्रह नाही. मराठी आपल्याला जी मदत फुकट देते ती इंग्रजी देत नाही.

सगळ्यात मोठी मदत लिंगाची. मराठीत 'ती' म्हटलं की समजूत, 'तो' म्हटलं की खडक किंवा व्यास, 'ते' म्हटलं की सरोवर, विवर, पाणी. निम्मे पर्याय तिथेच गळतात. इंग्रजीत या सगळ्यांना एकच 'इट'. 'इट' दिसला की मराठी माणूस नकळत सगळ्यात जवळचं नाम उचलतो आणि पुढे जातो. इथे थांबून त्या 'इट'च्या जागी खरं नाम घालून वाक्य परत वाचायचं. गाळलेलं वाक्य 'इट लास्टेड फॉर डिकेड्स' असं असेल, तर 'खडक अनेक दशकं टिकला' की 'समजूत अनेक दशकं टिकली' हे प्रत्यक्ष नाम घालूनच कळतं. इंग्रजीत उरते ती वचनाची खूण, तेवढी मात्र न चुकता वापरा. 'दे', 'देम', 'दीज', 'बोथ' आलं की आधीच्या वाक्यात अनेकवचन हवंच, आणि 'बोथ'ला बरोबर दोनच गोष्टी लागतात. एक अपवाद लक्षात ठेवा. 'समवन', 'एव्हरीवन', 'अ पर्सन' यांच्यासाठीसुद्धा इंग्रजीत 'दे' येतं.

दुसरी गोष्ट 'अ' आणि 'द'. आपल्या भाषेत ही भानगड नाही, म्हणून आपले डोळे त्यांवरून घसरतात. पण या भागात त्यांच्याइतकी भरवशाची खूण क्वचित मिळते. गोष्ट पहिल्यांदा येते तेव्हा तिच्याआधी 'अ' किंवा 'अ‍ॅन', वाचकाला ओळखीची झाली की 'द'. आपल्या उताऱ्यात 'एक काचेसारखा पदार्थ' आहे, तिथे इंग्रजीत 'अ' आलं असतं. नंतरच्या वाक्यात 'द मटेरियल' किंवा 'सच मटेरियल'. गाळलेल्या वाक्यात 'द मटेरियल' असेल तर तो पदार्थ आधी कुठेतरी भेटलेला असला पाहिजे. त्यात 'अ मटेरियल' असेल, तर बहुधा त्या पदार्थाची ओळख तेच वाक्य करून देतंय, आणि 'द मटेरियल' त्याच्या नंतर सापडेल. 'द सन', 'द गव्हर्नमेंट', 'द पास्ट' अशा ठिकाणचं 'द' मात्र या हिशेबात धरू नका. सूर्याची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही.

तिसरी, आणि मला सगळ्यात आवडणारी खूण म्हणजे 'धिस' आणि त्याला जोडून आलेलं गोळाबेरीज करणारं नाम. 'धिस चेंज', 'धिस बिलीफ', 'धिस प्रॉब्लेम', 'दीज फाइंडिंग्ज'. लेखक मागचं अख्खं वाक्य, कधी अख्खा परिच्छेद, एका नामात गुंडाळतो. मराठीत 'ही समजूत', 'हा बदल', 'ही अडचण' असं आपण रोज लिहितो, फक्त त्याकडे खूण म्हणून पाहत नाही. असं नाम दिसलं की विचारायचं: आधीच्या वाक्यात 'बदल' हा शब्द नसेल, पण बदल घडलाय का? उताऱ्यात 'गुलाबी झालं' एवढंच होतं. शब्द वेगळे, अर्थ तोच. सारखे शब्द शोधणाऱ्याला हा दुवा दिसतच नाही, म्हणून 'बदल' हा शब्द उताऱ्यात दुसरीकडे कुठे सापडतो ते तो शोधत बसतो.

चौथी गोष्ट जोडशब्दांची जागा. आपण 'मात्र' वाक्याच्या पोटात घालतो: 'जून २०२० मध्ये मात्र'. इंग्रजीतही 'हाऊएव्हर' दोन स्वल्पविरामांच्या मध्ये, वाक्याच्या पोटात येतं. पण शाळेत 'हाऊएव्हर' वाक्याच्या सुरुवातीला लिहायला शिकवल्यामुळे मुलं वाक्याचा फक्त पहिला शब्द तपासतात. 'ऑल्सो', 'इव्हन', 'इन्स्टेड', 'टू', 'देअरफोर' हे मधे किंवा अगदी शेवटी लपलेले असू शकतात. शेवटी येणारं 'टू' म्हणजे आपलं 'ही' किंवा 'सुद्धा'. ते दिसलं की आधीच्या वाक्यात त्याच प्रकारची पहिली गोष्ट हवी.

'हाऊएव्हर' म्हणजे चावी नव्हे

इथे जरा थांबते, कारण या एका शब्दाने मी सगळ्यात जास्त गुण जाताना पाहिले आहेत. मुलांनी जोडशब्दांची यादी पाठ केलेली असते: हाऊएव्हर म्हणजे विरोध, देअरफोर म्हणजे परिणाम, मोरओव्हर म्हणजे भर. यादी चुकीची नाही. पण त्यावरून मुलं म्हणतात, 'हाऊएव्हर आहे ना, मग आधी काहीतरी नकारात्मक असेल'. असं काही नसतं.

विरोध हा नेहमी दोन ठरावीक गोष्टींचा असतो आणि त्या दोन्ही शब्दांत दाखवता आल्या पाहिजेत. लोणारच्या उताऱ्यात 'मात्र'च्या आधी 'एरवी हिरवट' आहे आणि नंतर 'गुलाबी'. इकडे एरवी, तिकडे जून २०२०. इकडे हिरवा, तिकडे गुलाबी. नकारात्मक इथे काहीच नाही, तरी विरोध पक्का आहे. आता हेच वाक्य 'त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे'च्या नंतर ठेवून बघा. 'मात्र'ला टेकायला समोर कुणी नाही.

म्हणून नियम असा ठेवा. 'हाऊएव्हर', 'बट', 'येट', 'डिस्पाइट धिस' दिसलं की समासात दोन शब्द लिहायचे, एक या बाजूचा आणि एक त्या बाजूचा. दोन शब्द लिहिता आले नाहीत तर ती जागा चुकीची आहे. 'देअरफोर', 'सो', 'अ‍ॅज अ रिझल्ट' यांची परीक्षा वेगळी. तिथे मधे मराठीत 'म्हणून' घालून वाचायचं आणि कारण खरंच कारण आहे का ते पाहायचं. 'फॉर इन्स्टन्स' असेल तर आधीचं वाक्य व्यापक आणि हे वाक्य त्यातला एक नमुना हवं. दोन्ही सारखीच नेमकी असतील तर ते उदाहरण नव्हे.

एक चूक दोन का होते

एक वाक्य चुकीच्या जागी गेलं की त्याची खरी जागा रिकामी राहते. मग तिथे दुसरं कुठलं तरी वाक्य रेटून बसवलं जातं, आणि दोन गुणांऐवजी चार जातात. हे घडतंय हे ओळखायची एक साधी खूण आहे. शेवटी उरलेलं वाक्य आणि उरलेली जागा एकमेकांना अजिबात मानत नसतील, तर त्या जागेत अडकून राहू नका. चूक बहुधा तिथे नाहीच. ज्या वाक्याला तुम्ही फक्त मागच्या खुणेवर बसवलं होतं, ते काढा आणि उरलेल्या जागेत घालून पाहा. हलकी रेघ मारायला सांगितली ती यासाठी.

शेवटच्या दीड मिनिटात जास्तीचं म्हणून बाजूला ठेवलेलं वाक्य सहाही जागांवर एकदा फिरवा. ते कुठेही दोन्ही बाजूंनी बसलं नाही तर काम झालं. एखाद्या जागी बसलं, तर तिथलं आधीचं उत्तर पुन्हा तपासा. आणि एकही जागा रिकामी सोडू नका, कारण गुण कापले जात नाहीत.

कॅट देणाऱ्यांसाठी

व्यवस्थापनाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या कॅटमध्ये २०२२ पासून याच जातीचा प्रश्न येतो, पण उलटा. तिथे वाक्य एकच दिलेलं असतं आणि परिच्छेदात चार जागा असतात. बरोबर उत्तराला तीन गुण, चुकीला एक गुण वजा. तिथे सुरुवात दिलेल्या वाक्यापासून करायची. त्यातली मागची खूण शोधायची आणि मग परिच्छेद वाचायचा. एक छोटा नमुना पाहा.

> दिलेलं वाक्य: ही चौकट १९७०च्या दशकात मोडली.
>
> वारली चित्रं ही मूळची लग्नघरातली कला. (१) ____ घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ती काढली जात आणि लग्नाचा चौक रेखाटण्याचा मान सवाष्णींचा असे. (२) ____ जिव्या सोमा मशे यांनी लग्नकार्याची वाट न पाहता चित्रं काढायला सुरुवात केली आणि ती कागदावर, कापडावर आणली. (३) ____ २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. (४) ____

'ही चौकट' हे गोळाबेरीज करणारं नाम. चौकटीत काय काय आहे? कधी काढायचं, कुठे काढायचं, कुणी काढायचं. जागा १ पर्यंत फक्त 'कधी' आलंय. भिंत आणि सवाष्ण त्यानंतर येतात, तेव्हा तिथे चौकट अर्धीच आहे. जागा २ ला तिन्ही बाजू पूर्ण होतात, आणि पुढच्या वाक्यात एकेक बाजू मोडते: लग्नाशिवाय, भिंतीऐवजी कागद-कापड, सवाष्णींऐवजी पुरुष चित्रकार. जागा ३ पर्यंत चौकट मोडून झालेली असते, तिथे 'ही चौकट' म्हटलं तर ते बोट कागद-कापडाकडेच जातं. पद्मश्रीनंतर जागा ४ ला तर १९७०च्या दशकात मागे उडी मारावी लागते. उत्तर २.

कॅटमधलं दिलेलं वाक्य कधी कधी अगदी गुळगुळीत असतं, त्यात 'हा' नाही की 'मात्र' नाही. मग दिशा बघायची. ते वाक्य नवी कल्पना मांडतंय का, आधीच्या कल्पनेचा नमुना देतंय का, की आतापर्यंतचं गुंडाळतंय? नवी कल्पना मांडणारं वाक्य तिच्या नमुन्यांच्या आधी जातं, गुंडाळणारं नंतर. तरीही दोन जागा सारख्याच वाटत असतील आणि दोन मिनिटं उलटली असतील, तर मी पुढे जायला सांगते. ४० मिनिटांच्या त्या विभागात हीच मिनिटं उताऱ्यावरच्या प्रश्नांना जास्त उपयोगी पडतात.

घरी सराव कसा करायचा

छापील सराव-पेपर लवकर संपतात. त्याऐवजी दोघांनी मिळून एक काम करा. प्रत्येकाने एक इंग्रजी लेख घ्यायचा, पाचशे-सहाशे शब्दांचा, आणि त्यातून चार वाक्यं काढून दुसऱ्याला सोडवायला द्यायची. जास्तीचं पाचवं वाक्य स्वतः लिहायचं. ते मागच्या बाजूने एका जागी बसलं पाहिजे आणि पुढच्या बाजूने तुटलं पाहिजे.

कोणती वाक्यं काढायची हे ठरवताना खरी शिकवणी होते. पहिल्या वेळी बहुतेक जण लेखातली ठसठशीत, माहितीने भरलेली वाक्यं काढतात आणि सोडवणाऱ्याला ती कुठेही बसतात. मग भांडण होतं, 'माझं उत्तरही बरोबरच आहे'. ते भांडण जरूर करा. ज्याने वाक्य काढलं त्याने नंतरच्या वाक्यातल्या नेमक्या शब्दावर बोट ठेवून दाखवायचं की दुसरी जागा का चालत नाही. बोट ठेवता आलं नाही तर तो प्रश्न बाद, दुसरं वाक्य शोधा. ती सहा चुका करणारी मुलगी आणि तिचा भाऊ, दोघं तीन आठवडे रोज रात्री हेच करत होते. त्यानंतरच्या सरावात तिची सहापैकी पाच उत्तरं बरोबर आली. सहावं कुठे चुकलं ते तिनेच मला दाखवलं. 'बोथ' होतं, आणि आधीच्या वाक्यात गोष्टी तीन होत्या.